८० रुग्ण भरले, निकालात ५६ च: नैराश्याच्या ट्रायलमधली गळती, आणि रिपीटेड मेजर्स की मिक्स्ड मॉडेल

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की मानसोपचार विभागातलं कोणी ना कोणी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतं. गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत बसतं, चहाला आधी नको म्हणतं आणि मग घेतं. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "मॅडम, एक्सेलमध्ये ८० रुग्ण आहेत, पण एसपीएसएसच्या निकालात ५६ च दिसतात. बाकीचे गेले कुठे?" हल्ली त्याला आणखी एक शेपूट जोडलेलं असतं: "सिनियर म्हणाले मिक्स्ड मॉडेल चालव. चालवलं तर औषधाचा फायदा निम्माच झाला. आता गाईड सरांना कोणतं दाखवू?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. खालचे आकडे कोणाच्याही प्रबंधातले नाहीत. हिशेब वहीवर करता यावा म्हणून मी ते गोल रचले आहेत. घाट मात्र दरवर्षी दिसतो तोच.

बाकीचे गेले कुठे

`Analyze > General Linear Model > Repeated Measures` या वाटेने गेलात की प्रोग्रॅम डेटा आडवा मागतो. एका रुग्णाची एक ओळ, आणि प्रत्येक भेटीचा स्कोर वेगळ्या रकान्यात. यातला एक जरी रकाना रिकामा असला तरी ती अख्खी ओळ हिशेबातून बाहेर जाते. शेवटच्या एकाच भेटीला न आलेल्या माणसाच्या आधीच्या भेटीही त्याच्याबरोबर कचऱ्यात जातात. प्रोग्रॅम ठळक काही सांगत नाही. निकालाच्या सुरुवातीला `Between-Subjects Factors` नावाचा छोटा तक्ता येतो, त्यातल्या `N` च्या खाली ते दिसतं. तो तक्ता सगळेजण स्क्रोल करून पुढे जातात, कारण पी-व्हॅल्यू खाली असते. माझ्याकडे कोणी आलं की मी आधी तिथेच बोट ठेवते.

इथपर्यंत ऐकून बहुतेक जण म्हणतात, म्हणजे सँपल कमी झालं, पॉवर कमी झाली, एवढंच ना? तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. खरी अडचण अशी की उरलेले ५६ हे मूळच्या ८० मधून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ते टिकलेले आहेत. नैराश्याच्या उपचारात टिकण्याचा आणि बरं वाटण्याचा जवळचा संबंध असतो.

एक हिशेब, वहीवर

दोन गट धरा, प्रत्येकी ४० रुग्ण. एकाला नवा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा. मोजमाप हॅमिल्टन स्केलचं, १७ प्रश्नांचं, ज्याचा स्कोर ० ते ५२ मध्ये येतो. सुरुवातीला सगळ्यांची सरासरी २४. पुढच्या भेटी चौथ्या आणि आठव्या आठवड्यात. चौथ्या आठवड्यापर्यंत सगळे आले, गळती त्यानंतर झाली.

नव्या उपचाराच्या गटात २४ जण शेवटपर्यंत टिकले. चौथ्या आठवड्यात त्यांची सरासरी १२ होती आणि आठव्यात ९ झाली. सोडून गेलेल्या १६ जणांची चौथ्या आठवड्यातली सरासरी २० होती. थोडक्यात, ज्यांना गुण आला नाही किंवा गोळीचा त्रास झाला ते गेले. नेहमीच्या उपचाराच्या गटात ३२ टिकले: चौथ्यात १६, आठव्यात १३. गेलेले ८, त्यांची चौथ्यातली सरासरी इथेही २०.

रिपीटेड मेजर्स फक्त टिकलेले बघतं. १३ वजा ९, म्हणजे आठव्या आठवड्यात ४ गुणांचा फायदा. प्रबंधात हाच आकडा जातो आणि छान दिसतो.

आता मिक्स्ड मॉडेल काय करतं ते पाहा. ते गेलेल्यांचे आठव्या आठवड्याचे आकडे भरून टाकत नाही, पण त्यांचा चौथ्या आठवड्याचा स्कोर फेकतही नाही. जे टिकले त्यांच्याकडून ते शिकतं की चौथ्या आठवड्यात एक गुण जास्त असलेला माणूस आठव्यात सरासरी किती जास्त असतो. समजा ते प्रमाण पाऊण निघालं, ०.७५. नव्या गटातले गेलेले टिकलेल्यांपेक्षा चौथ्यात ८ गुणांनी वर होते, म्हणून आठव्यात ते ६ ने वर, म्हणजे सरासरी १५ वर असतील असं मॉडेल धरून चालतं. चाळिसांची सरासरी मग अशी: २४ जण ९ वर, १६ जण १५ वर, एकूण ११.४. नेहमीच्या गटात फरक ४ चा होता, म्हणून गेलेले १३ अधिक ३ म्हणजे १६ वर. चाळिसांची सरासरी १३.६. अंतर २.२.

म्हणजे ४ चे २.२ झाले ते मॉडेल "कमजोर" आहे म्हणून नव्हे. नव्या गटातून जास्त माणसं गेली, तीही न सुधारलेली, आणि पहिल्या पद्धतीने त्यांना मोजलंच नव्हतं. आपल्याच डेटात चौथ्या आठवड्यात सगळे ८० हजर होते तेव्हाचं अंतर काढून बघा: १६.८ वजा १५.२, म्हणजे १.६. पुढच्या चारच आठवड्यांत ते ४ वर गेलं असं कोणी सांगितलं तर आधी शंका यायला हवी.

तिसरी पद्धत जुन्या प्रबंधांतून अजून उतरवली जाते. शेवटचा मिळालेला स्कोरच पुढे ओढायचा. त्यात गेलेले सगळे २० वरच राहतात, सरासरी १३.४ आणि १४.४ येते, अंतर १ वर येतं. ही पद्धत "सुरक्षित बाजूची" आहे असं सांगितलं जातं, आणि इथे तशी ती दिसतेही. पण नेहमीच्या उपचारातून जास्त लोक गेले असते तर तिनेच नव्या उपचाराला फुकटचा फायदा दिला असता. शिवाय ती ओढलेला आकडा खरा मोजलेला समजते, म्हणून स्टँडर्ड एररही नको तितकी लहान येऊ शकते. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या २०१० च्या अहवालाने, शास्त्रीय कारण दाखवता येत नसेल तर ही पद्धत मुख्य विश्लेषण म्हणून वापरू नये, असं म्हटलं आहे. गाईड अडून बसले तर हे वाक्य कामी येतं.

"मिक्स्ड चालवलं" म्हणजे नक्की काय चालवलं

खरी गडबड इथे होते, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मिक्स्ड मॉडेल हे एक मॉडेल नाही. नेटवरून उचललेली पहिली ओळ बहुतेक वेळा रुग्णागणिक फक्त रँडम इंटरसेप्ट टाकते. याचा अर्थ मॉडेल असं मानतं की कोणत्याही दोन भेटींमधला सहसंबंध सारखाच, आणि प्रत्येक भेटीतला पसाराही सारखाच. रिपीटेड मेजर्समध्ये मॉखलीची चाचणी ज्या गृहीतकावर बोट ठेवते, त्याचाच हा भाऊबंद. घर बदललं, भाडेकरू तोच.

नैराश्याच्या ट्रायलमध्ये हे गृहीतक पहिल्या दिवसापासून खोटं असतं. ठरावीक स्कोरच्या वर असलेल्यांनाच आपण ट्रायलमध्ये घेतो, म्हणून सुरुवातीचे स्कोर एका अरुंद पट्ट्यात अडकलेले असतात. पुढे कोणी ५ वर उतरतं, कोणी २५ वरच राहतं, आणि पसारा वाढत जातो. सुरुवातीच्या स्कोरवरून आठव्या आठवड्याचा अंदाज करणं अवघड असतं, चौथ्यावरून बराच जमतो.

गळती नसती तर ही चूक मुख्यतः स्टँडर्ड एररपुरती राहिली असती. गळती असली की ती सरासरीतच शिरते, कारण गेलेल्यांबद्दलचा अंदाज याच सहसंबंधावर उभा असतो. आपल्याच उदाहरणात सुरुवातीची भेटही परिणामात धरली आणि सगळीकडे सहसंबंध ०.५ मानला, तर मॉडेल सुरुवातीच्या भेटीवर आणि चौथ्या आठवड्यावर सारखाच भरवसा ठेवतं. ०.७५ चं प्रमाण घसरून ०.३३ होतं. अंतर मग २.२ ऐवजी ३.२ येतं. तोच डेटा, तेही "मिक्स्ड मॉडेल", हेही "मिक्स्ड मॉडेल".

म्हणून ठरलेल्या आठवड्यांना भेटी असलेल्या ट्रायलसाठी मी हे वापरते: भेट हा सरळ रेषेतला आकडा नाही तर फॅक्टर म्हणून, सुरुवातीचा स्कोर कोव्हेरिएट म्हणून, गट आणि भेट यांचा इंटरॅक्शन, आणि भेटींमधला सहसंबंध पूर्ण मोकळा, म्हणजे अनस्ट्रक्चर्ड. रँडम इफेक्ट एकही नाही. या घाटाला मिक्स्ड मॉडेल फॉर रिपीटेड मेजर्स, थोडक्यात एमएमआरएम म्हणतात. एसपीएसएसमध्ये आधी डेटा उभा करा, एका भेटीची एक ओळ (`Data > Restructure`). मग:

```
MIXED hamd BY arm visit WITH base
  /FIXED=arm visit arm*visit base base*visit
  /REPEATED=visit | SUBJECT(id) COVTYPE(UN)
  /METHOD=REML
  /EMMEANS=TABLES(arm*visit) COMPARE(arm).
```

आर वापरत असाल तर:

```r
library(mmrm)
library(emmeans)
fit <- mmrm(hamd ~ base*visit + arm*visit + us(visit | id),
            data = long, method = "Kenward-Roger")
emmeans(fit, pairwise ~ arm | visit)
```

आरमध्ये `id`, `visit` आणि `arm` फॅक्टर केलेले हवेत. शेवटच्या ओळीतून आठव्या आठवड्याचं अंतर वाचा, एकंदर इंटरॅक्शनची पी-व्हॅल्यू नव्हे. प्रश्न आठव्या आठवड्याचा होता. इंटरॅक्शनची चाचणी "कुठेतरी, कसातरी फरक आहे का" एवढंच विचारते.

चालवल्यावर काय तपासायचं

पहिली तपासणी मी नेहमी उलटी करते. फक्त टिकलेल्या ५६ जणांवर दोन्ही पद्धती चालवून बघते, आणि त्यातल्या मिक्स्डमध्ये मुद्दाम साधा रँडम इंटरसेप्ट ठेवते, सुरुवातीची भेटही परिणामात धरून. गहाळ काही नसेल तर गट आणि भेट यांच्या इंटरॅक्शनचा एफ दोन्हीकडे सहसा जुळतो. जुळला नाही तर दोष पद्धतीत नसून डेटा उभा करण्यात असतो. मागे एकदा दोन तास गेल्यावर कळलं की एक्सेलमध्ये न आलेल्या भेटीला कोणीतरी ० लिहून ठेवलं होतं. हॅमिल्टनवर ० म्हणजे माणूस ठणठणीत. न आलेले सगळे एका झटक्यात बरे झाले होते! ९९९ लिहिलेलं निदान डोळ्यांत तरी खुपतं.

दुसरी तपासणी: भेट आकडा म्हणून तर गेली नाही ना. निकालात `visit` ची एकच ओळ आणि एकच उतार दिसला तर गेली. सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत भराभर आणि नंतर हळू होते, ती सरळ रेषेत बसत नाही.

तिसरी: मॉडेल "जुळलं नाही" असा इशारा आला तर. दोन भेटींसाठी मोकळ्या सहसंबंधात तीनच आकडे काढायचे असतात, त्याला ८० रुग्ण पुरेसे आहेत. पण सहा भेटी असतील तर तेच २१ होतात, आणि ४० रुग्णांत ते रुसू शकतं. मग आधीच लिहून ठेवलेल्या क्रमाने साध्या रचनेकडे या, उदाहरणार्थ पसारा मोकळा ठेवून टोप्लिट्झ. क्रम आधी लिहायचा, कारण निकाल बघून रचना निवडली की ती आपोआप आवडत्या पी-व्हॅल्यूकडे झुकते.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. सुरुवातीचा स्कोर कोव्हेरिएट असेल तर नोंदणीनंतर एकदाही न आलेला रुग्ण या मॉडेलमध्येही मोजला जात नाही. त्याची एकही ओळ उरत नाही. असे दोन-तीन असतील तर तसं लिहा. बरेच असतील तर सुरुवातीची भेटही परिणामाच्या बाजूला घेऊन, तिथे दोन्ही गटांची सरासरी एकच बांधून, मॉडेल पुन्हा मांडावं लागतं.

मॉडेल कशावर विसंबून आहे

मिक्स्ड मॉडेलला गळतीचं औषध समजू नका. ते एका अटीवर चालतं: जाणारा का गेला याचा धागा त्याच्या आधीच्या मोजलेल्या स्कोरमध्ये आणि मॉडेलमधल्या इतर माहितीत सापडला पाहिजे. रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या वर्गवारीत याला मिसिंग अ‍ॅट रँडम म्हणतात. नाव फसवं आहे. यात रँडम असं काही नाही, फक्त कारण आपल्याला दिसलेल्या आकड्यांत आहे.

इथे मी रजिस्टर मागते. आमच्याकडे निफाड-दिंडोरीकडचे रुग्ण बरेच असतात. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की बागेत काम करणारा माणूस ओपीडीला येत नाही, मग त्याला बरं वाटत असो वा नसो. ही गळती मॉडेलला फारशी चावत नाही. चौथ्या आठवड्यात स्कोर वरच होता आणि घरचे म्हणाले "गुण येत नाही, दुसरीकडे दाखवू", ही गळतीही मॉडेल पेलतं, कारण तो वरचा स्कोर डेटात आहे. तिसरा प्रकार वेगळा. चौथ्या आठवड्यात माणूस बरा होता, पाचव्यात पुन्हा खचला आणि म्हणूनच सुरगाण्याहून एसटीने यायचं बळ उरलं नाही. हे कारण शेवटच्या भेटीनंतर घडलं, डेटात ते कुठेच नाही. मॉडेल त्याला सुधारत चाललेला समजेल. रजिस्टरमध्ये मात्र तिघांपुढेही एकच शेरा असतो: "फॉलोअपला आले नाहीत".

असे किती आहेत हे डेटावरून कधीच सिद्ध होत नाही. म्हणून उलटा प्रश्न विचारायचा: निष्कर्ष मोडायला गेलेल्यांची अवस्था किती वाईट असावी लागेल? नव्या गटातल्या १६ जणांच्या अंदाजात काही गुण वाढवा. ४० पैकी १६ म्हणजे प्रत्येक वाढवलेला गुण गटाची सरासरी ०.४ ने वर नेतो. २.२ चं अंतर पूर्ण पुसायला ५.५ गुण लागतात. म्हणजे गेलेले १५ वर नाही तर २०.५ वर असायला हवेत, चौथ्या आठवड्यातल्या २० पेक्षाही किंचित वर. हे शक्य आहे का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडे आहे. पी-व्हॅल्यू ०.०५ ओलांडते ती मात्र याच्या बरीच आधी. म्हणून प्रत्यक्षात मल्टिपल इम्प्युटेशनने एकेक गुण वाढवत जायचं आणि ती कुठे ओलांडते ते प्रबंधात लिहायचं.

याहून स्वस्त उपाय विश्लेषणाच्या आधीचा आहे. औषध सोडलं म्हणजे ट्रायल सोडली असं धरू नका. गोळ्या बंद केलेल्या रुग्णालाही आठव्या आठवड्यात फोन करून मोजता येतं, गट माहीत नसलेल्या माणसाकडून. मात्र औषध सोडल्यानंतरचा स्कोर मोजायचा की नाही, हे ट्रायलचा प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. ते आधी लिहा, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

सिनॉप्सिसमध्ये रिपीटेड मेजर्स लिहून गेलंय, मग?

हा प्रश्न उठताना, दाराशी उभं राहून विचारला जातो. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या कागदावर रिपीटेड मेजर्स अ‍ॅनोव्हा असेल तर ते गुपचूप बदलू नका. डेटा अजून उघडला नसेल तर दुरुस्ती अर्ज द्या, कारणात अपेक्षित गळती लिहा. उघडला असेल तर दोन्ही निकाल द्या. ठरलेला आधी, त्याच्याखाली एमएमआरएम, आणि बदल डेटा पाहिल्यानंतर केला हे स्पष्ट शब्दांत. दोन्हींपुढे एन लिहा, ५६ आणि ८०. गेल्या खेपेला एका मुलीने तोंडी परीक्षेत एवढा एक तक्ता दाखवला. बाहेरच्या परीक्षकांनी पी-व्हॅल्यूकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, गेलेल्यांना फोन केला होता का? ती म्हणाली, ११ जणांना लागला. पुढची दहा मिनिटं त्या ११ जणांवरच गेली.

गळती एखाद-दुसऱ्याचीच असेल, भेटी तीन-चारच असतील, तर रिपीटेड मेजर्स ग्रीनहाउस-गायसर सुधारणेसह खुशाल चालवा. उत्तर फारसं हलणार नाही. ते `N` तेवढं आधी बघा.